गम गोठतो, चिकटपट्टी गोठत नाही

उन्हाळ्यात महाड-पोलादपूर भागात पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा एसटीच्या सीटवर कोणी चिकटवून ठेवलेला च्युइंग गम पातळसर होतो आणि बसणाऱ्याच्या पँटच्या धाग्यांत शिरतो. सुती धागा म्हणजे आखूड तंतूंना दिलेला पीळ. एकेक तंतू जेमतेम 12 ते 20 मायक्रॉन जाड, चपटा आणि स्वतःभोवती वळलेला असतो. धाग्याबाहेर त्यांची टोकं लवेसारखी उभी राहतात. मऊ गम या लवेला वेढून बसतो. म्हणून डागावर गरम इस्त्री फिरवणं हा सर्वांत वाईट उपाय. उष्णतेने गम आणखी पातळ होतो आणि दोन तंतूंमधल्या फटींत खोल ओढला जातो.

गमचा गाभा रबरासारखी बहुवारिकं आणि राळ यांचा असतो. तोंडातल्या 37 अंशांना तो चावण्याइतका मऊ राहावा, असाच तो बनवलेला असतो. घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांच्या आसपास त्याच्या रेणूंची हालचाल इतकी मंदावते, की तो ताणला न जाता तडकतो. कापड पिशवीत घालून तास-दोन तास ठेवावं, बाहेर काढताच डागापाशी दुमडावं आणि चमच्याच्या कडेने धाग्यांच्या दिशेने खरवडावं. हे झटपट उरकायला हवं, कारण इथल्या दमट हवेत गार कापडावर लगेच दव धरतं आणि गम पुन्हा मऊ पडतो. मोठे तुकडे निघतात. लवेत अडकलेला पातळ थर मात्र उरतो.

खोक्याच्या ब्राऊन टेपचा चिकट थर कपड्यावर राहिला, तर मात्र फ्रीझरचा फारसा उपयोग नाही. हा थर बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि शून्याखाली बऱ्याच अंशांपर्यंत तो लवचीकच राहतो. इथे द्रावक लागतो. स्पिरिटचे रेणू थरात शिरून तो फुगवतात, तंतूवरची त्याची पकड सुटते. गमचा उरलेला थरही स्पिरिटने बऱ्याचदा सुटतो. टेप रबरी असेल तर आधी खोबरेल तेलाने सैल करावा आणि तेल भांड्यांच्या साबणाने काढावं. पॉलिस्टर तेलाला घट्ट धरतं, त्यामुळे मिश्र कापडाच्या गणवेशावर साबण दोनदा लागतो.

डाग खाली करून पांढऱ्या सुती फडक्यावर ठेवा आणि उलट्या बाजूने स्पिरिट टिपा, म्हणजे विरघळलेला चिकटपणा फडक्यात उतरेल. फडकं सरकवत राहा, नाहीतर तोच थर परत बसून कडेला वर्तुळ उमटतं. जवळ शेगडी पेटलेली नको. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब टाकून रंग सुटतो का ते पाहा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरण्याचा मोह मात्र टाळा: त्यातल्या अ‍ॅसिटोनने अ‍ॅसिटेटच्या अस्तराचे तंतूच विरघळतात, आणि डागाच्या जागी भोक उरतं.