दुधाचं कॅप्शन, पाण्याशिवाय

गोठ्यातलं दूध घरपोच देणाऱ्यांची पेजेस सध्या जोरात आहेत. त्यांची कॅप्शन्स लिहिण्याचं काम बऱ्याचदा आपल्याच वयाच्या कुणाकडे तरी येतं. वाटतं तितकं ते सोपं नाही, कारण चार ओळींमधला प्रत्येक शब्द कुणीतरी सकाळी खरंच पिणार असतो.

पहिला ड्राफ्ट साधारण असा येतो: 'आज सकाळचं धारोष्ण दूध थेट तुमच्या दारात! १०० टक्के शुद्ध, ए२, केमिकल-फ्री!' वाचायला मस्त. आता शब्द एकेक करून तपासूया.

सुरुवात 'धारोष्ण'पासून. धारोष्ण म्हणजे नुकतीच धार काढलेलं, कासेच्या उबेचं दूध. ही ऊब साधारण ३८ अंशांची असते आणि जिवाणूंना हेच तापमान सगळ्यात आवडतं. म्हणून चांगल्या गोठ्यात धार काढल्यावर दूध गाळून लगेच ४ अंशांच्या आसपास थंड करतात. थोडक्यात, तासभर लांबून आलेलं दूध अजून कोमट लागत असेल, तर ती कौतुकाची नाही, काळजीची गोष्ट आहे. घरपोच दूध धारोष्ण नसतं, आणि ते नसलेलंच बरं.

मग 'आज सकाळचं' तरी खरं का? हिशेब करून बघू. समजा, शहरापासून तासाभरावर एक गोठा आहे. संध्याकाळची धार साडेचार ते सहा. दूध रात्रभर कूलरमध्ये. दोनला पॅकिंग सुरू, चारला गाडी निघते आणि साडेपाच ते साडेसात या वेळेत घरोघरी वाटप. सकाळची धार साडेचारला सुरू होते, म्हणजे गाडी गेल्यावर. त्यामुळे ग्राहकाच्या पातेल्यातलं दूध कालचं आहे. सात वाजता ते तेरा-साडेचौदा तासांचं झालेलं असतं.

यात लपवण्यासारखं काही नाही. नीट थंड ठेवलेलं बारा-चौदा तासांचं दूध चांगलंच असतं. फसतं ते कॅप्शन. 'ताजं' या विशेषणापेक्षा घड्याळ लिहा: 'काल संध्याकाळची धार, आज साडेसातच्या आत दारात.' हे वाक्य कुणीही तपासू शकतं. त्यातूनच खाड्याचा नियमही आपोआप समजतो. पॅकिंग रात्री दोनला असेल, तर उद्याचा खाडा सकाळी सहाला कळवून उपयोग नाही. दूध भरून झालेलं असतं. त्यामुळे रतीब कमी-जास्त करण्याची वेळ कॅप्शनमध्येच द्या. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आता पॅकिंग. काचेची बाटली फोटोत छान दिसते आणि परत वापरता येते, पण काचेतून प्रकाश आत जातो. दूध दारात उजेडात राहिलं तर त्यातलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व कमी होतं आणि चवही बिघडते. म्हणून 'काचेची बाटली, प्लास्टिक नाही' एवढ्यावर थांबू नका. 'आल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा' हेही लिहा. रिकामी बाटली आधी गार पाण्यानं विसळायला सांगा. थेट गरम पाणी घातलं तर दुधातली प्रथिनं काचेला चिकटतात. बाटली असो वा पिशवी, सील तुटलेलं असेल तर घेऊ नका, हे ग्राहकाला सांगायला लाज कसली?

खरी कसरत दाव्यांची. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्यातली जाहिरातीची व्याख्या इतकी रुंद आहे की आवाज, प्रकाश, अगदी धुरातून केलेली प्रसिद्धीही तिच्यात येते. इंटरनेट तर आहेच. म्हणजे इन्स्टाची पोस्टसुद्धा जाहिरातच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो फक्त विकणाऱ्यालाच असं नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात जो सहभागी, तोही त्यात येतो. 'मी फक्त लिहिलं' हे उत्तर म्हणून पुरेसं नाही.

'१०० टक्के शुद्ध' घ्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, मे २०२५ मध्ये खाद्यपदार्थांच्या लेबलवर आणि जाहिरातीत '१०० टक्के' हा शब्दप्रयोग टाळायला सांगितलं, कारण नियमांत त्याची व्याख्याच नाही. त्याऐवजी मोजता येईल ते द्या. गायीच्या दुधात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घनपदार्थ, असायला हवेत. गोठ्यात रोज फॅट तपासत असतील तर 'रोज फॅट आणि एसएनएफ तपासतो' असं लिहा. तपासत नसतील तर ती ओळ काढा.

'प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत' हे ऐकायला चांगलं वाटतं, पण दुधात ते घालायला मुळात परवानगीच नाही. कायदा पाळतो, हे वैशिष्ट्य म्हणून विकण्यात काय अर्थ?

'ए२'ची गोष्ट जरा मजेशीर आहे. दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे ए१ आणि ए२ हे प्रकार. त्यांच्या साखळीत फक्त एका जागेवरचं अमिनो आम्ल वेगळं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयनं हे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. आदेश मागे घेतला म्हणून दावा आपोआप सिद्ध होत नाही. गोठ्यात गीरबरोबर संकरित गायी असतील आणि सगळं दूध एकाच कूलरमध्ये जात असेल, तर 'ए२' कशाच्या जोरावर लिहिणार? आणि हो, म्हशीचं दूधही ए२च असतं. त्यामुळे 'देशी गायीचं म्हणून ए२' या कॅप्शनची हवा तशीही थोडी कमी होते.

'अँटिबायोटिक-फ्री'चंही तसंच. गायीला कासदाह झाला तर औषध द्यावंच लागतं. महत्त्वाचं असतं ते औषधावर दिलेल्या दिवसांपर्यंत तिचं दूध वेगळं काढणं. गोठा ते करत असेल तर तेच लिहा. दाव्यापेक्षा केलेलं काम जास्त पटतं.

शेवटी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारी ओळ. बरेच छोटे गोठे दूध पाश्चराइज करत नाहीत. म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करण्याची प्रक्रिया झालेली नसते. कॅप्शनमध्ये मात्र याचंच 'अनप्रोसेस्ड, जसं आहे तसं' होतं. 'थेट गोठ्यातून' वाचून कुणी ते निरसंच प्यायलं तर? निरशा दुधातून ब्रुसेलोसिस, क्षयरोग यांसारखे आजार माणसाला होऊ शकतात, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर धोका जास्त. गोठा कितीही स्वच्छ असला तरी थंड केल्यानं जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते. मरतात ते उकळल्यावर. त्यामुळे ही ओळ हॅशटॅगांच्या खाली ढकलू नका.

आपल्या उदाहरणातल्या गोठ्याचं कॅप्शन, खाडाखोडीनंतर:

'गायीचं दूध. काल संध्याकाळी धार काढून लगेच ४ अंशांवर थंड केलेलं, आज सकाळी ५.३० ते ७.३० मध्ये तुमच्या दारात. सीलबंद काचेची बाटली, १ लिटर. फॅट आणि एसएनएफ रोज तपासतो. औषध सुरू असलेल्या गायीचं दूध ठरलेले दिवस वेगळं ठेवतो. पाश्चराइज केलेलं नाही, उकळूनच प्या. आल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. खाडा आदल्या रात्री ८ पर्यंत कळवा. रिकामी बाटली गार पाण्यानं विसळून परत द्या.'

त्याखाली गोठ्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक टाका. आणि पोस्ट करण्याआधी गोठामालकाला प्रत्येक ओळ वाचून दाखवा. ज्या ओळीवर तो 'तसं म्हणजे...' म्हणून थांबेल, ती खोडा.