भाषणातील वाटखुणा

पुस्तक वाचणाऱ्याला आपण कोठे आहोत हे सहज कळते. किती पाने उलटली, किती उरली हे हाताला जाणवते. प्रकरणाचे नाव डोळ्यांसमोर असते आणि काही निसटले तर मागचे पान पुन्हा पाहता येते. श्रोत्याला यांपैकी काहीही उपलब्ध नसते. बोललेले वाक्य हवेत विरते. क्षणभर लक्ष विचलित झाले, तर सुटलेला धागा पुन्हा हाती येईलच असे नाही. म्हणून भाषण कोठवर आले हे श्रोत्याला सांगत राहणे, ही वक्त्याची जबाबदारी ठरते.

आपल्या परंपरेने ही जबाबदारी फार पूर्वी ओळखली होती. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण होते. ते संपले की नामगजर होतो, कीर्तनकाराला बुक्का लावून हार घातला जातो आणि मग उत्तररंगातील आख्यान सुरू होते. उशिरा येऊन मागे बसलेल्या माणसालाही कीर्तन कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे लागत नाही. पडद्यावर स्लाइड दाखवून केलेल्या भाषणात हेच काम दोन गोष्टी करतात: आरंभी दाखवलेली मुद्द्यांची स्लाइड आणि मधूनमधून उच्चारलेली वाटखुणेची वाक्ये.

एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. समजा, इंदूरमधील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत छतावरील पावसाचे पाणी साठवण्याविषयी वीस मिनिटांचे भाषण व्हायचे आहे. त्यानंतर सभासदांना निर्णय घ्यायचा आहे. वक्तीने मुद्द्यांची पहिली स्लाइड अशी केली: प्रस्तावना, पार्श्वभूमी, तांत्रिक माहिती, फायदे, अडचणी, खर्च, निष्कर्ष, आभार. या आठ ओळी चुकीच्या नाहीत, पण निरुपयोगी आहेत. त्या सौरदिव्यांच्या भाषणालाही लागू पडतील. शिवाय ‘प्रस्तावना’ आणि ‘आभार’ हे भाषणाचे मुद्देच नव्हेत.

त्याच भाषणाची दुसरी स्लाइड अशी होते:

१. आपल्या छतावर किती पाणी पडते?
२. ते कोठे ठेवायचे: टाकीत की जमिनीत?
३. खर्च किती आणि तो कोणी द्यायचा?

या तीन प्रश्नांत क्रम आहे. पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा विचारता येत नाही आणि दुसऱ्याशिवाय तिसरा. असा क्रम श्रोत्याच्या स्मरणात आपोआप राहतो. तीन किंवा फार तर चार मुद्दे ठेवण्याचे कारणही हेच आहे. आठ ओळींची यादी वाचली जाते, लक्षात राहत नाही.

या स्लाइडचा आणखी एक उपयोग सभेत लगेच दिसून येतो. पैशांची काळजी असलेला सभासद पहिल्या स्लाइडपुढे बसला, तर खर्चाचा प्रश्न सहाव्या मिनिटालाच विचारील आणि तेथून पुढे भाषण त्याच्या हाती जाईल. दुसऱ्या स्लाइडवर आपला प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर लिहिलेला दिसल्यामुळे तो थांबण्याची शक्यता वाढते.

मात्र ही स्लाइड अगदी आरंभी दाखवू नये. विषय काय आहे आणि तो आपल्याला का लागू आहे, हे कळण्यापूर्वी दाखवलेली यादी कोरडी वाटते. वक्तीने पहिली दोन मिनिटे उन्हाळ्यात मागवाव्या लागणाऱ्या टँकरविषयी बोलावे आणि मग मुद्दे दाखवावेत. उरलेल्या वेळेचे वाटप पहिल्या प्रश्नाला पाच, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला चार आणि समारोपाला एक मिनिट असे होईल. वाटप समान नाही, हे श्रोत्यांना सांगितलेले बरे. ‘दुसऱ्या प्रश्नाला थोडा अधिक वेळ लागेल’ एवढे वाक्य पुरते. मग आठ मिनिटे लांबल्यासारखी वाटत नाहीत.

प्रत्येक मुद्दा संपला की तीच स्लाइड पुन्हा आणावी. तीन ओळी त्याच जागी, त्याच शब्दांत असाव्यात; केवळ चालू मुद्दा ठळक आणि बाकीचे फिके. शब्द बदलण्याचा मोह टाळावा. स्लाइडवर ‘खर्च’ लिहून तोंडाने ‘आर्थिक बाजू’ म्हटले, तर हा नवीन मुद्दा आहे की जुनाच, अशी शंका येते. निबंधात पर्यायी शब्द शोभा आणतात, येथे ते वाट चुकवतात. फिका रंगही बेताने निवडावा. संगणकाच्या पडद्यावर वाचता येणारी राखाडी अक्षरे उजेडाच्या सभागृहात, जुन्या प्रोजेक्टरवर पार नाहीशी होतात आणि तीनांपैकी एकच मुद्दा उरतो. फक्त लाल-हिरव्या रंगांवर विसंबले, तर काहींना तो फरकच दिसत नाही. म्हणून चालू ओळीपुढे एखादा बाण किंवा ठिपका असावा.

तरीही स्लाइड एकटी पुरत नाही. खाली मान घालून टिपणे घेणारा पडद्याकडे पाहत नसतो. त्याला वाटखूण कानांनीच मिळावी लागते. पहिल्या मुद्द्यावरून दुसऱ्याकडे जाताना अनेक वक्ते ‘आता पुढची स्लाइड’ एवढेच म्हणतात. यातून जागा बदलल्याचे कळते, कारण कळत नाही. समजा, छत ४०० चौरस मीटरचे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातले ८० टक्के हाती येईल असे मानले, तर २,८८,००० लिटर पाणी होते. वक्तीने म्हणावे: “म्हणजे छतावरून वर्षाला सुमारे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार लिटर पाणी मिळू शकते. हे झाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर. पण यातले बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांतच येते. मग ते ठेवायचे कोठे? हा आपला दुसरा प्रश्न.” या वाक्यांनी मागचा मुद्दा मिटवला, पुढच्याची गरज दाखवली आणि क्रमांकही सांगितला. ती पूर्ण झाल्यावर क्षणभर थांबून मगच स्लाइड बदलावी. आधी बदलली, तर श्रोते नवीन ओळी वाचू लागतात आणि हा सांधा कोणी ऐकत नाही.

मधेच प्रश्न आला, तर उत्तरानंतर ‘आपण टाकी आणि जमीन यांची तुलना करत होतो’ असे म्हणून मूळ जागी परतावे. ‘शेवटी’ हा शब्द मात्र खरोखर शेवटीच वापरावा. तो उच्चारताच श्रोते पिशव्या आवरू लागतात आणि त्यानंतरची दहा मिनिटे कोणाच्याच कामी येत नाहीत. पाच मिनिटांच्या निवेदनाला मुद्द्यांची स्लाइड लागत नाही. तेथे तोंडी एक वाक्य पुरे. शेवट गुपित ठेवायची गोष्ट सांगायची असेल, तर ही स्लाइड रसभंगच करील.

खुणा पुरेशा आहेत की नाहीत, हे सरावाच्या वेळी तपासता येते. विषय ठाऊक नसलेल्या एखाद्याला समोर बसवावे आणि तिसऱ्या कोणाला भाषण मधेच कोठेही थांबवायला सांगावे. थांबताच ऐकणाऱ्याने पडद्याकडे न पाहता दोन उत्तरे द्यावीत: आता कोणता प्रश्न चालू आहे आणि यानंतर काय येणार आहे. ज्या ठिकाणी तो अडखळतो, तेथे वाक्य घालावे लागते. बहुधा ही जागा लांबलेल्या दुसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर, टाकीविषयी बोलून झाल्यावर आणि जमिनीत पाणी मुरवण्याचा विषय सुरू होण्यापूर्वी सापडते.