साखरपुड्याचं अभिनंदन

मैत्रिणीने साखरपुड्याचा फोटो टाकला की त्याखाली तासाभरात ‘हार्दिक अभिनंदन’ आणि ‘नांदा सौख्यभरे’ यांची रांग लागते. या शब्दांत खोट काहीच नाही. फक्त ते कुणीही कुणालाही लिहू शकतो. तार खात्याकडे तर शुभेच्छांच्या वाक्यांची क्रमांकवार यादीच असे. पाठवणारा नुसता आकडा लिही आणि पलीकडे अख्खं वाक्य पोचे. तारसेवा २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली, यादीतून निवडायची सवय मात्र राहिली.

मजकूर आपला वाटतो तो त्यातल्या एका तपशिलामुळे. हा तपशील लिहिणाऱ्याला आणि वाचणारीला दोघांनाही ठाऊक असावा लागतो, आणि त्याचा आजच्या बातमीशी धागा जुळावा लागतो. ‘आपण होस्टेलवर किती मजा केली’ एवढ्याने भागत नाही, कारण ती नुसती आठवण झाली. साखरपुडा त्यात कुठेच आला नाही.

समजा, मैत्रीण कॉलेजच्या दिवसांत एसटीतली खिडकीची जागा कुणालाही देत नसे. पहिला मजकूर असा सुचतो: ‘गेल्या महिन्यात कोकणात जाताना तू त्याला खिडकी दिलीस म्हणालीस, तेव्हाच मी ओळखलं!’ गोड आहे, पण हे तिच्या होणाऱ्या सासूबाई वाचणार, गावाकडचे काकाही वाचणार. दोघांच्या त्या सहलीची बातमी घरी पोचलेली असेलच असं नाही. फोनवर कळलेली गोष्ट चारचौघांत जाऊ नये; फोटोत सगळ्यांना दिसतं त्यावर लिहिणं बरं. मग मजकूर असा होतो: ‘चार वर्षं एसटीत खिडकी सोडली नाहीस, आणि फोटोत त्याला मधोमध उभं करून स्वतः कडेला! यावरून काय ते कळलं. दोघांचं मनापासून अभिनंदन.’ जुनी खोड, आजचा फोटो आणि नवऱ्यामुलाचा उल्लेख हे सगळं तीन छोट्या वाक्यांत बसलं. त्याला ओळखत नसतानाही त्याचे खोटे गुण गावे लागले नाहीत.

थट्टेतच पाय जास्त घसरतो. ‘अखेर सुटलीस’, ‘आणखी एक विकेट पडली’ किंवा ‘आता आमची आठवण कशाला राहील’ यांतली पहिली दोन वाक्यं लग्नाला संकट ठरवतात आणि तिसरं लिहिणाऱ्याचं गाऱ्हाणं मांडतं. वयाचा आणि जुन्या प्रकरणांचा उल्लेख तर विनोदातही नको.

मजकूर पाठवण्याआधी त्यात दुसऱ्या मैत्रिणीचं नाव घालून वाचावा. तरीही तो तंतोतंत लागू पडत असेल, तर तपशील कमी पडला आहे. ओळखच जुजबी असेल, तर ओढूनताणून जवळीक दाखवण्यापेक्षा ‘अभिनंदन, फोटो छान आलाय’ एवढंच लिहावं. ते जास्त प्रामाणिक दिसतं.