शाळेच्या लॅबमध्ये ॲसिड सांडलं, तर रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहायचं?

समजा, नागपूरच्या सदरमधली एक शाळा. बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलचे दिवस. सॉल्ट अ‍ॅनालिसिस सुरू असताना कोणाचा तरी कोपर लागतो आणि टेबलावरची बाटली आडवी होते. फरशीवर तेलासारखं दाट पाणी पसरतं.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये एका ओळीची नोंद होते, 'लॅबमध्ये ॲसिड सांडले, साफ केले.'

प्रसंग काल्पनिक आहे, पण अशा नोंदीचा कोणालाच उपयोग होत नाही. कोणतं ॲसिड, किती, कुठपर्यंत आणि कसं साफ केलं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही. ही चार उत्तरं कशी शोधायची ते बघू.

१. पदार्थ : नाव आणि तीव्रता

नुसतं 'ॲसिड' लिहून भागत नाही. बाटलीवरचं लेबल जसंच्या तसं उतरवायचं, म्हणजे 'सल्फ्युरिक ॲसिड, ९८ टक्के'. कारण याच ॲसिडचं पातळ द्रावण सांडलं तर भरपूर पाणी टाकून धुता येतं. पण ९८ टक्केवाल्यावर थेट पाणी ओतलं तर ते एकदम तापतं आणि शिंतोडे उडतात. फडका किंवा लाकडाचा भुसाही टाकायचा नाही, कारण हे ॲसिड त्यांना जाळून काळं करतं.

२. किती सांडलं?

अंदाज लावण्यापेक्षा वजाबाकी करावी. रजिस्टरप्रमाणे सकाळी बाटलीत ३०० मिली होतं आणि आता १०० मिली उरलं, तर २०० मिली सांडलं. मधल्या वेळात कोणी थोडं वापरलं असेल तर तेवढं वजा करायचं.

हा आकडा साफसफाई ठरवतो. २०० मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड निष्प्रभ करायला साधारण ६२० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. म्हणजे किराणा दुकानातलं १०० ग्रॅमचं एक पाकीट पुरणार नाही. शिवाय यातून सुमारे १८० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात.

३. किती जागेत?

लांबी-रुंदी फुटात लिहायची आणि ठिकाणही सांगायचं, उदाहरणार्थ 'खिडकीकडून दुसऱ्या टेबलाखाली'. शिंतोडे कुठपर्यंत उडाले ते वेगळं लिहायचं, कारण मुलांच्या चपला आणि दप्तरं तिथेच असतात.

जागेवरून प्रमाणही पडताळता येतं. एक चौरस फुटावर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे ९३ मिली. रिपोर्टमध्ये '५० मिली' आणि 'तीन बाय दोन फूट' लिहिलं असेल, तर गणित जुळत नाही. तेवढ्या जागेत एक मिलिमीटरचा थर धरला तरी साडेपाचशे मिली होतं. म्हणजे एकतर प्रमाण कमी दाखवलंय, नाहीतर कोणीतरी आधीच पाणी ओतलंय.

४. साफ कसं केलं?

इथे क्रम महत्त्वाचा. आधी मुलं बाहेर. मग हातमोजे, चष्मा आणि बंद बूट घालून डागाभोवती कोरड्या वाळूचा बांध. पंखा बंद, नाहीतर सोडा उडतो. सोडा कडेकडून आत, थोडा थोडा टाकायचा.

बहुतेक चूक यानंतर होते. फेस थांबला की काम झालं असं वाटतं, पण वर सोड्याची खपली धरते आणि खाली ॲसिड तसंच राहतं. म्हणून प्लॅस्टिकच्या सुपलीने ते हलवायचं, थोडंसं पाणी शिंपडायचं आणि पुन्हा फेस येतो का ते बघायचं. ओला निळा लिटमस लाल होत नसेल, तरच ते गोळा करायचं.

सगळं धरून चांगला रिपोर्ट असा दिसेल :

> सकाळी ११.२० वाजता सल्फ्युरिक ॲसिड (९८ टक्के), सुमारे २०० मिली सांडले. दुसऱ्या टेबलाखाली १ × १ फूट. शिंतोडे ४ फुटांपर्यंत. वर्ग रिकामा केला. वाळूचा बांध घातला, ७५० ग्रॅम सोडा टाकला. ११.५५ वाजता निळा लिटमस निळाच राहिला. मिश्रण गोळा करून लेबल लावलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवले, फरशी पाण्याने धुतली. कोणालाही इजा नाही.

कोणाच्या अंगावर ॲसिड उडालं असेल तर रिपोर्ट नंतर. आधी कपडे बाजूला करून किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मग दवाखाना. त्वचेवर सोडा चोळायचा नाही.

आणि बाटलीवर लेबलच नसेल, मोठी बाटली फुटली असेल किंवा धूर येत असेल, तर शाळेने स्वतः साफ करायला जाऊ नये. खोली बंद करून १०१ किंवा ११२ ला फोन करावा. फोनवरही सर्वात आधी हेच विचारलं जाईल : काय सांडलं, किती आणि कुठे?