वेढ्यांचा क्रम आणि विजेचा आवेग

रोहित्राच्या उच्चदाब वेटोळ्यात पन्नास हर्ट्‌झचा नित्याचा कारभार चालू असतो, तोवर विद्युत्दाबाची वाटणी वेढ्यांच्या संख्येनुसार बिनतक्रार होते. परंतु वाहिनीवर वीज कोसळून तिचा आवेग वेटोळ्याच्या टोकाशी येऊन थडकतो, तेव्हा पहिल्या एक-दोन मायक्रोसेकंदांत वेटोळ्याचे प्रवर्तकत्व प्रवाहाला जवळजवळ वाटच देत नाही, आणि सारा मामला धारितांच्या हाती जातो. या धारिता दोन प्रकारच्या असतात: एक वेढ्या-वेढ्यांमधली व चकत्या-चकत्यांमधली, म्हणजे वेटोळ्याच्या लांबीच्या दिशेची, आणि दुसरी वेटोळ्यापासून गाभा, टाकी व शेजारच्या वेटोळ्याकडे, म्हणजे जमिनीकडे जाणारी. जमिनीकडे भार जितका अधिक झिरपेल, तितका पुढच्या वेढ्यांना तो कमी पोहोचेल व दाबाचा उतार टोकापाशीच कोसळेल. जमिनीकडच्या एकूण धारितेला लांबीच्या दिशेच्या धारितेने भागून वर्गमूळ घेतले असता जो अंक मिळतो, त्याला आल्फा म्हणतात. आणि तटस्थ टोक जमिनीला जोडलेल्या वेटोळ्यात टोकाचा उतार, हा अंक मोठा असता, सरासरीच्या सुमारे आल्फापट होतो.

उदाहरणादाखल 132 किलोव्होल्टचे, 650 किलोव्होल्टच्या आवेगासाठी आखलेले वेटोळे घ्या. त्यात साठ चकत्या, प्रत्येकीत दहा वेढे, आणि ते साध्या अखंड चकती पद्धतीचे असून आल्फा दहा आहे असे धरा. दाब समान वाटला गेला असता, तर चकत्यांच्या प्रत्येक जोडीला सुमारे 22 किलोव्होल्ट आले असते; प्रत्यक्षात पहिल्याच जोडीवर सुमारे 184 किलोव्होल्ट येतात, आणि वेटोळ्याचा पहिला दशांश आवेगाचा जवळजवळ त्रेसष्ट टक्के भाग एकटाच झेलतो. पुढे हा असमतोल अंतिम, सरळ वाटणीकडे जाऊ पाहतो, पण ती गाठताना दोलने उठतात आणि टोकापासून दूरच्या भागांनाही क्षणिक अतिदाब सोसावा लागतो. म्हणजे आरंभीची वाटणी जितकी वाकडी, तितका पुढचा उपद्रव अधिक.

चकतीखेरीज वेटोळ्याच्या इतर प्रकारांपैकी सर्पिल वेटोळ्याविषयी येथे फार लिहिण्याचे कारण नाही. मोठा प्रवाह व थोडे वेढे असलेल्या कमी दाबाच्या बाजूला ते शोभते. तेथे आवेगाची पातळीच लहान असल्याने वाटणीचा प्रश्न सहसा मागे पडतो. थरांचे वेटोळे मात्र या बाबतीत स्वभावतःच सज्जन आहे. एकात एक बसलेल्या नळकांड्यांसारखे त्याचे विस्तीर्ण थर समोरासमोर असल्याने थरांमधली धारिता भरपूर असते, आणि जमिनीकडची त्या मानाने थोडी; म्हणून आवेग त्यात बराच सरळ उतरतो. अडचण निराळीच आहे: थरांच्या टोकांशी विद्युत्‌रोधनाचा बंदोबस्त करणे कष्टाचे, आणि लघुमंडलाच्या वेळी उद्भवणारे अक्षीय बल पेलण्यास असे पातळ, उंच थर चकत्यांइतके खंबीर नसतात. त्यामुळे बलासाठी चकती हवी आणि आवेगासाठी थर हवा, असा पेच रोहित्रकारांपुढे उभा राहिला.

या पेचातून इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या जी. एफ. स्टर्न यांच्या नावाशी निगडित असलेल्या आंतरगुंफित चकतीने वाट काढली. 1950 साली चॅडविक, फर्ग्युसन, रायडर व स्टर्न यांनी लंडनच्या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे तिच्यावरचा निबंध सादर केला. युक्ती अशी की, जोडीतील वेढे एक, दोन, तीन या ओळीने न गुंडाळता पहिल्या चकतीत एक, अकरा, दोन, बारा असे पंधरापर्यंत बसवायचे आणि दुसरीत सहा, सोळा, सात, सतरा असे उरलेले. साध्या चकतीत शेजारच्या दोन वेढ्यांमध्ये जोडीच्या दाबाचा विसावा भाग असतो. येथे सुमारे निम्मा येतो. धारितेत साठणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, तांबे, कागद व तेल तेवढेच असताही, वेढ्यांमधल्या धारितेचा परिणाम दहाच्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे शंभरपट होतो. चकत्या-चकत्यांमधल्या धारितेचा वाटा साध्या वेटोळ्यात आधीच असल्यामुळे एकूण वाढ त्याहून बरीच कमी असते. पण ती पंचवीसपट जरी धरली, तरी आल्फा दहावरून दोनवर येतो, आणि वरील पहिल्या जोडीवरचे 184 किलोव्होल्ट सुमारे 44 वर येतात.

याची किंमत नित्याच्या कारभारात चुकवावी लागते. वरच्या वेटोळ्यात प्रतिवेढा दाब सुमारे 127 व्होल्ट येतो. आंतरगुंफित रचनेत शेजारच्या वेढ्यांमध्ये अहोरात्र बाराशे व्होल्टच्या आसपास दाब राहतो, म्हणून वेढ्यांवरचा कागद निगुतीने गुंडाळावा लागतो. शिवाय दुसऱ्या चकतीत संपणारा दहावा वेढा परत पहिलीच्या बाहेरच्या कडेला आणून अकराव्याशी पितळजोडाने सांधावा लागतो. दर जोडीला असा सांधा, आणि प्रवाह मोठा असून अनेक वाहक समांतर असतील, तर सांध्यांची संख्या कारागिराला जेरीस आणते. म्हणूनच पुष्कळदा टोकाकडचा भागच आंतरगुंफित करून उरलेल्या चकत्या साध्या ठेवतात. माझ्या मते हा व्यवहारी मार्ग आहे, पण बेसावधपणे अवलंबण्याजोगा नव्हे: दोन पद्धतींच्या सीमेवर लांबीच्या दिशेची धारिता एकाएकी घटते, आणि टोकापासून हुसकलेला ताण तेथे डोके वर काढतो, त्यामुळे सीमा किती आत न्यायची याचा हिशेब प्रथम, आणि टोकाला अल्पदाबाचे आवर्ती स्पंद सोडून निरनिराळ्या चकत्यांवर दाब मोजून त्याचा पडताळा नंतर घ्यावा लागतो. अंतिम कसोटीच्या वेळी कमी दाबाच्या व पूर्ण दाबाच्या आवेगांत नोंदलेल्या तटस्थ प्रवाहाच्या वक्ररेखा, प्रमाण जुळवून, एकमेकींवर ठेवतात. दोन वेढ्यांमधला कागद फुटला असेल, तर पूर्ण दाबाची रेषा त्या क्षणापासून फारकत घेते.