लहानपणी हुकलेली वेळ

वंध्यत्वाच्या दवाखान्यात नेहमी दिसणारी एक फाइल डोळ्यांसमोर आणू. नवरा 32 वर्षांचा, लग्नाला चार वर्षं झालेली. पहिली दोन वर्षं फक्त बायकोच्या तपासण्या झाल्या: सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणं, दर महिन्याला दिवसाआड येऊन बीजाची वाढ मोजणं. सगळं ठीक निघाल्यावर कोणीतरी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी सांगितली. अहवालात शुक्राणू शून्य. काही आठवड्यांनी पुन्हा नमुना दिला, प्रयोगशाळेने तो यंत्रात फिरवून तळाशी बसलेला थेंबही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तरीही शून्य.

नवऱ्याचा यावर विश्वास बसत नाही. त्याला दाढीमिशा आहेत, आवाज भारदस्त आहे, शरीरसंबंधात कसलीही अडचण नाही. मग दोष त्याच्यात कसा असेल?

याचं उत्तर वृषणाच्या रचनेत आहे. वृषण दोन कामं करतं आणि ती दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींकडे असतात. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी चिवट असतात. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी फार नाजूक असतात. उष्णता, सूज किंवा थांबलेला रक्तपुरवठा त्यांना सोसत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या पेशी जवळजवळ संपल्या तरी पहिल्या काम करत राहतात. मुलगा वयात येतो, लग्न करतो, आणि कुठेच काही जाणवत नाही. इजा झालेली असते लहानपणी किंवा किशोरवयात, कळते मूल हवं असतं तेव्हा.

या नवऱ्याला यूरोलॉजिस्टने तपासलं, तेव्हा हातात लहान-मोठ्या लंबगोल मण्यांची एक माळ होती. आंद्रेया प्राडर या स्विस डॉक्टरांनी ती रूढ केली. सर्वांत लहान मणी एक मिलिलिटरचा, सर्वांत मोठा 25 मिलिलिटरचा. वृषण चाचपायचं आणि त्या आकाराचा मणी शोधायचा. प्रौढ पुरुषात साधारण 15 ते 25 मिलिलिटर अपेक्षित असतात. इथे एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला पाच भरले. दोन्ही जांघांत जुने, पुसट व्रण होते. ‘लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं,’ एवढंच त्याला ठाऊक. आईला फोन लावल्यावर खरी हकीकत कळली. जन्माच्या वेळीच डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही गोळ्या खाली उतरलेल्या नाहीत. घरातली मोठी माणसं म्हणाली, येतील आपोआप. ऑपरेशन झालं ते नवव्या वर्षी.

रक्त तपासलं तर एफएसएच 24 होतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी या संप्रेरकाद्वारे वृषणाला शुक्राणू बनवायला सांगते. प्रतिसाद आला नाही, की ती ते आणखी सोडते. साधारण 12 च्या आत असायला हवा तो आकडा दुप्पट झाला, याचा अर्थ वाट अडलेली नाही, शुक्राणू तयारच होत नाहीत. टेस्टोस्टेरॉन मात्र पुरेसं होतं.

गर्भात वृषणं मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि शेवटच्या महिन्यांत जांघेतून खाली पिशवीत उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत दोन ते चार जणांचं किमान एक वृषण जन्मताना खाली नसतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण कितीतरी जास्त. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनची एक लाट येते आणि तेवढ्यात बरीच वृषणं आपसूक उतरतात. सहा महिन्यांनंतर तशी आशा फारशी उरत नाही. ‘येतील आपोआप’ हे म्हणणं सहा महिन्यांपर्यंत खरं असतं, पुढे नाही.

घाई कशाची, हे कळायला त्या लाटेचं दुसरं काम पाहावं लागतं. वृषणातल्या अगदी सुरुवातीच्या बीजपेशी याच काळात पक्क्या मूळपेशींत बदलतात, आणि पुढे जन्मभर शुक्राणू याच मूळपेशींपासून बनतात. वृषणपिशवी पोटापेक्षा दोन ते चार अंश थंड असते. वर राहिलेल्या वृषणात हा बदल नीट होत नाही आणि मूळपेशींची संख्या वर्षागणिक घटत जाते. म्हणून डॉक्टर आज सांगतात, की सहाव्या महिन्यात वृषण खाली नसेल तर मुलांच्या सर्जनकडे जावं आणि वृषण पिशवीत आणून टाकण्याची शस्त्रक्रिया 18 महिन्यांच्या आत उरकावी. ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा जांघेतल्या छोट्या छेदातून होते. वृषण हाताला लागतच नसेल, तर दुर्बिणीतून पोटात शोधावं लागतं. सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं ठरत नाही. त्या तपासणीसाठी थांबून महिने घालवू नयेत.

घरी कसं ओळखावं? बाळाला तेल लावताना, कोमट पाण्याने न्हाऊ घालताना पिशवी दोन्ही बाजूंना भरलेली दिसते का, ते पाहावं. काही मुलांची गोळी थंडीत किंवा हात लागताच वर सरकते, पण गरम पाण्यात खाली येऊन राहते. अशी सरकणारी गोळी बहुधा निर्धोक असते. तरी वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावी, कारण त्यांतल्या काही उंची वाढताना कायमच्या वर जातात. वर्षभराच्या मुलाची एक बाजू कायम रिकामी वाटत असेल, तर ‘मोठा होईल तसं येईल’ म्हणून बसू नये.

एका बाजूचा दोष आणि दोन्ही बाजूंचा दोष यांत मोठं अंतर आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे डॉ. पीटर ली यांनी लहानपणी ही शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांचा पुढे मागोवा घेतला. ज्यांचं एकच वृषण वर होतं, त्यांच्यातल्या मूल हवं असणाऱ्यांपैकी सुमारे 90 टक्के बाप झाले; हे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळपास पोचतं. दोन्ही वर असलेल्यांत ते सुमारे 65 टक्के होतं. आपल्या उदाहरणातला नवरा दुसऱ्या गटातला, आणि त्याची शस्त्रक्रियाही साडेसात वर्षं उशिरा झालेली.

गालगुंडाची वाट वेगळी आहे. हिप्पोक्रेटिसने थासोस बेटावरच्या साथीचं जे वर्णन केलं आहे, त्यात कानांपाशी सूज आलेल्या काही पुरुषांची वृषणंही सुजून दुखल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीच ध्यानात आली होती. वयात येण्याआधी गालगुंड झालं, तर वृषणाला सहसा धक्का लागत नाही. त्यामुळे ‘पाचव्या वर्षी गालफुगी झाली होती’ म्हणून मोठेपणी धास्ती घेण्याचं कारण नाही. धोका किशोर आणि तरुण मुलांना असतो. लस न घेतलेल्या अशा शंभर रुग्णांत साधारण 15 ते 30 जणांच्या वृषणाला सूज येते. गाल उतरू लागलेला असतो आणि आठवड्याच्या आसपास पुन्हा ताप भरतो, एक बाजू लाल होऊन ठणकते.

वृषणाभोवतीचं आवरण ताणलं जात नाही. आतली सूज बाहेर फुगू शकत नाही, ती आतल्या नाजूक नळ्यांनाच दाबते. सूज उतरल्यावर काही महिन्यांत सुमारे निम्मी बाधित वृषणं थोडीफार आक्रसतात. सुदैवाने बहुतेकांत एकच बाजू सापडते, म्हणून पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं. शुक्राणूंची संख्या मात्र घटू शकते. हा आजार विषाणूचा असल्याने प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. विश्रांती, लंगोटासारखा आधार आणि वेदनाशामक एवढंच हाती असतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा वीर्याची तपासणी तीन महिने उलटून गेल्यावर करावी.

लस मात्र आहे. 1963 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांच्या पाच वर्षांच्या मुलीला गालगुंड झालं. त्यांनी तिच्या घशातून विषाणू घेतला आणि त्यापासून बनलेली लस 1967 साली बाजारात आली. त्या विषाणूला आजही तिच्याच नावाने, जेरिल लिन म्हणून ओळखतात. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात बाळाला मिळते ती एमआर लस, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंड तिच्यात नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स एमएमआरचे तीन डोस सुचवते: नववा महिना, पंधरावा महिना आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. आपल्या मुलाच्या कार्डावर एमआर लिहिलंय की एमएमआर, हे आईबापांनी एकदा नीट पाहून घ्यावं.

तिसऱ्या संकटात महिने नाहीत, तास मोजावे लागतात. काही मुलांचं वृषण पिशवीच्या भिंतीला नीट चिकटलेलं नसतं, घंटेतल्या लोलकासारखं मोकळं लोंबतं. ते स्वतःभोवती फिरलं, की रक्तवाहिन्यांना पीळ पडतो. 12 ते 18 हे त्याचं मुख्य वय. मुलगा पहाटे कळ येऊन जागा होतो, उलटी करतो, आणि लाजेपोटी सांगतो ‘पोटात दुखतंय’. घरचे ओवा देतात, गॅस म्हणतात. डॉक्टरांनीही पँट उतरवून पाहिलं नाही, तर अपेंडिक्सचा संशय घेऊन वेळ जातो. खरं तर ते वृषण वर चढून आडवं झालेलं दिसतं, आणि मांडीच्या आतल्या बाजूला हलकं बोट फिरवल्यावर ते जसं वर उचललं जायला हवं, तसं जात नाही.

सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहापैकी नऊ वृषणं वाचतात. चोवीस तास उलटले, की वाचण्याची शक्यता नगण्य असते. डॉपलर सोनोग्राफी लगेच होत असेल तर करावी. लक्षणं स्पष्ट असतील तर तिच्यासाठी शस्त्रक्रिया अडवू नये. सर्जन त्याच वेळी दुसरी बाजूही टाके घालून पक्की करतात, कारण तो मोकळेपणा सहसा दोन्हीकडे असतो. सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे: पीळ तसाच राहिला तरी दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरतं. गोळ्यांनी बरं वाटलं असं घरच्यांना वाटतं. वृषण मेलेलं असतं आणि काही आठवड्यांत सुकून लहान होतं. उरलेलं एक निरोगी असेल तर मूल होण्यात बहुधा अडचण येत नाही. पण तेच कधी काळी उशिरा खाली आणलेलं किंवा गालगुंडात सुजलेलं असेल, तर मदार ठेवायला काही उरत नाही.

आपल्या उदाहरणातल्या नवऱ्यापुढे अजून एक वाट आहे. मायक्रो टीसे या शस्त्रक्रियेत सर्जन वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली फुगीर, पांढुरक्या नळ्या शोधतात. शुक्राणू असलेच तर अशा नळ्यांत सापडतात. वृषणं लहानपणी न उतरलेल्या पुरुषांत साधारण निम्म्या वेळी तरी काही शुक्राणू हाती लागतात. मग त्यांतला एकेक सुईने स्त्रीबीजात सोडतात. खर्च मोठा असतो आणि खात्री देता येत नाही.

त्याला आणखी एक सूचना मिळते, आणि ती मुलाबाळांविषयीची नाही. न उतरलेल्या वृषणात मोठेपणी कर्करोगाचा धोका वाढतो. स्वीडनमधल्या सुमारे 17 हजार पुरुषांच्या 2007 सालच्या अभ्यासात तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका सामान्यांच्या दुप्पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक आढळला. म्हणून त्याने महिन्यातून एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, दोन्ही बाजू बोटांत धरून चाचपायच्या. न दुखणारी कडक गाठ लागली, तर त्याच आठवड्यात यूरोलॉजिस्टकडे जायचं.