ओसरीवरचं अनंत गुणाकाराचं दशक

परवा शिकवणीला आलेल्या मुलाने विचारलं, ‘सर, वर्गांच्या व्यस्तांची बेरीज π²/6, एवढं पाठ केलं की झालं ना?’ चार पर्यायांतल्या एकावर खूण करायला तेवढं पुरतंही. पण मला ते फार लागलं.

सुरगाण्यातली माझी ऐंशीच्या दशकातली वर्षं बोर्डाचे पेपर सोडवण्यात गेली आणि २००० नंतरची गाईडांनी खाल्ली. नव्वदचं दशक मात्र खरं जगलो. नाशिकला बीएस्सी करणारी पोरं सुट्टीत गावी आली की माझ्या ओसरीवर जमत. पावसात वीज गेली, तरी कंदिलाच्या उजेडात फळा चालूच राही.

अशाच एका संध्याकाळी फळ्यावर 1 + 1/4 + 1/9 + ... ही बेरीज होती. ती मेंगोलीने १६५० मध्ये विचारली होती. बाझेलचे बर्नोली तिच्यापुढे हरले. हजार पदं मिळवली तरी १.६४३९ पर्यंतच पोचतो, म्हणून नुसत्या आकडेमोडीतून उत्तर दिसत नाही. १७३५ मध्ये ऑयलरने sin x कडे बहुपदीसारखं पाहिलं. मुळं माहीत असली की बहुपदीचे अवयव पाडता येतात. sin x / x ची मुळं ±π, ±2π, ±3π अशी आहेत आणि x = 0 जवळ त्याची किंमत 1 होते. म्हणून त्याने लिहिलं:

sin x / x = (1 − x²/π²)(1 − x²/4π²)(1 − x²/9π²)...

उजवीकडे x² चा सहगुणक −(1/π²)(1 + 1/4 + 1/9 + ...) येतो. डावीकडच्या श्रेणीत तोच −1/6 आहे. म्हणजे बेरीज π²/6, सुमारे १.६४४९.

इथे एका पोराने हात वर केला. ‘सर, e^(x²) कधीच शून्य होत नाही. त्याने sin x / x ला गुणलं तरी मुळं तीच राहतील आणि x = 0 ला किंमतही 1 च. मग त्याचेही अवयव तेच का नाहीत?’ आम्ही करून पाहिलं. x² चा सहगुणक 1 − 1/6 = 5/6 आला, म्हणजे बेरीज −5π²/6. धन संख्यांची बेरीज ऋण! नुसती मुळं पुरत नाहीत, हे त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं. ऑयलरलाही त्याच्या काळात असेच आक्षेप ऐकावे लागले. १७४८ च्या ग्रंथात त्याने (1 + x/n)ⁿ − (1 − x/n)ⁿ या प्रकारच्या खऱ्या बहुपदींचे अवयव पाडून n अनंताकडे नेला. पूर्ण काटेकोरपणा पुढच्या शतकातला, वायरश्ट्रासच्या काळचा.

माझ्याकडे तेव्हा आलेल्या एका गाईडात ही सिद्धता चार ओळींत उरकली होती आणि शंकेचा उल्लेखच नव्हता. तो राग अजून गेलेला नाही. त्या चार ओळी पाठ करणाऱ्याला e^(x²) कधी सुचणारच नाही.

त्याच पोराने पुढे घनांच्या व्यस्तांची बेरीज विचारली होती. या गुणाकारात x चे फक्त सम घात येतात, त्यामुळे 1/n⁴, 1/n⁶ च्या बेरजा यातून निघतात, 1/n³ ची निघत नाही. ती अपरिमेय आहे हे अपेरीने १९७८ मध्ये दाखवलं, पण π मध्ये मांडलेलं तिचं सूत्र आजही कोणाच्या हाती नाही. परवाच्या मुलाला मी हेच सांगायला बसलो, तर त्याने विचारलं, ‘हे पेपरात येतं का?’